वायरमन तीनदा, रंगारी दोनदा, टेंपो एकदाच: कोकणातल्या घराच्या दुरुस्तीचा क्रम

घर रंगवून झालं आणि मग शाकारणीला माणसं कौलांवर चढली. गुहागर तालुक्यातल्या आमच्या मामाच्या घरी पहिल्या खेपेला हेच झालं. मार्चमध्ये रंग, आणि मे महिन्यात सवयीप्रमाणे कौलं परतायला गडी. एका दुपारी वरून वर्षभराची धूळ, पक्ष्यांची घरटी, वाळवीचा भुसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे सगळं नव्या रंगावर येऊन पडलं. पुसायला गेलं की लाल रेघा उठत होत्या. रंगाऱ्याला परत बोलवावं लागलं, तोवर पावसाळी हवा सुरू झालेली, आणि तो हात नीट वाळलाच नाही.

पाच वर्षांनी त्याच घरात नव्याने वायरिंग, लादी, रंग आणि दोन कपाटं असं काम निघालं. तेव्हा क्रम कागदावर बसवून ते केलं. तोच क्रम इथे लिहितो. घर जांभ्याच्या चिऱ्याचं, कौलारू, ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी असलेलं. स्लॅबच्या घराला शाकारणीचा भाग गाळायचा, बाकी सगळं तसंच लागू पडतं.

बहुतेकांची चूक एकच असते. ते ‘रंगकाम’ हे एक काम आणि ‘इलेक्ट्रिकचं’ हे दुसरं एक काम समजतात आणि विचारतात, आधी काय? खरं तर वायरमन तीन वेळा येतो: पाइप टाकायला, वायर ओढायला आणि स्विच बसवायला. रंगारी दोन वेळा येतो: लांबी म्हणजे पुट्टी, प्रायमर आणि पहिला हात मारायला, मग शेवटचा हात मारायला. या पाच खेपांच्या मधल्या फटींत गवंडी, लादीवाला आणि सुतार बसतात. हे एकदा डोक्यात बसलं की क्रम जवळजवळ आपोआप लागतो.

## तयारी: तारखा, पैसे आणि पाण्याची नळी

कोकणात काम किती दिवसांचं यापेक्षा पुढे पाऊस कधी आहे हे आधी बघायचं. ओला गिलावा आणि रंग दोन्ही जूनच्या आत पूर्ण वाळलेले हवेत. ‘गणपतीपर्यंत करू’ हे वाक्य कोणी म्हटलं की मी विचारतो, लांबी कोणत्या महिन्यात भरणार? जुलैत, असं उत्तर आलं तर ते काम दिवाळीनंतरच घ्यावं.

दुसरं, शिमगा. होळीच्या आसपास आठ-दहा दिवस एकही गडी मिळत नाही आणि पालखी घरी यायची असेल तर ओटी मोकळी आणि चालण्याजोगी लागते. म्हणून शिमग्याचे दिवस आधीच ‘वाळायचे दिवस’ म्हणून धरावेत. मामाकडे आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली, ती शिमग्याच्या आधी पहिला हात मारून व्हावा या हिशेबाने.

काम उक्तं दिलं असलं तरी पैसे खेपांप्रमाणे ठरवा. वायरमनला तीन हप्ते, रंगाऱ्याला दोन. रंगाऱ्याने पहिल्या हातानंतर दोन आठवडे थांबायचंय हे सुरुवातीला बोललं नाही, तर तो तिथेच दुसरा हात उरकतो आणि दुसऱ्या गावचं काम धरतो. त्याचाही दोष नसतो, त्याचा रोज बुडतो. हा खंड बोलून ठेवायची गोष्ट आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. नवीन लादीची वरची पातळी आधी ठरवा. मामाकडे जुना लाल कोबा होता, भेगाळलेला पण बसलेला. त्याला टोचे मारून त्यावरच लादी घ्यायची ठरली. लादी साधारण ९ मिलिमीटर आणि खालचा माल ४० मिलिमीटर, म्हणजे जमीन जवळजवळ ५० मिलिमीटर वर येणार. याचा परिणाम चार ठिकाणी होतो. दारं खालून कापावी लागतात. १० सेंटिमीटरचा उंबरठा ५ सेंटिमीटरच उरतो. मोरीची जमीन खोलीपेक्षा खाली ठेवायची असते, ते अंतर बदलतं. आणि जुन्या जमिनीवरून मोजून बसवलेले सगळे बोर्ड पाच सेंटिमीटर बुटके होतात. बोर्ड बुटका झाला तर खोलीत एवढं कळत नाही, पण ओट्यावरचा मिक्सरचा पॉइंट ओट्याच्या कडाप्प्याला जाऊन टेकतो.

म्हणून पारदर्शक लेव्हलच्या नळीत पाणी भरून घरभर एक रेघ मारून घ्यायची. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर रेघ खोटी येते. नवी लादी जिथे येणार त्याच्या वर बरोबर १ मीटरवर ही रेघ सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर येऊ द्या. वायरमन, गवंडी, लादीवाला, सुतार, सगळ्यांनी मोजायचं ते या रेघेवरून. ‘जमिनीपासून’ हा शब्दच घरात बंद.

तपासणी: पहिल्या खोलीत रेघ सुरू केली तिथेच फिरून परत आलात की दोन टोकं जुळली पाहिजेत. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा घ्या.

## १. छपराचं आणि फोडाफोडीचं काम

शाकारणी, म्हणजे कौलं परतणं, फुटकी बदलणं, रीपा तपासणं, हे पहिल्या आठवड्यात. ‘आत्ता जानेवारीत शाकारून काय करायचं, मे महिन्यात करू’ असं गडी सांगतात. त्यांचं ऐकू नका. या वर्षापुरती शाकारणी आधी घ्यायची, आणि मे महिन्यात गळतीची शंका असलेल्या दोन-चार जागा फक्त बाहेरून बघायच्या.

वासे आणि रीपांना वाळवीचं औषध, तेल किंवा पॉलिश मारायचं असेल तर तेही आत्ताच. ते थेंब थेंब खाली गळतं आणि नव्या भिंतीवरून निघत नाही. पोटमाळ्यावरचं जुनं सामान उतरवणं, जुन्या वायर काढणं, नको असलेलं कपाट किंवा फडताळ फोडणं हेही याच दिवसांत आलं. जुन्या वायर काढायच्या आधी मेन स्विच बंद करून कामापुरता एक तात्पुरता बोर्ड वायरमनकडून बाहेर पडवीत घेऊन ठेवा, कारण पुढे दोन महिने कटर, ड्रिल आणि दिवे त्यावरच चालणार आहेत.

सावधान: एसीचा पाइप बाहेर काढायला भिंतीला भोक पाडायचं असेल, तर ते याच टप्प्यात. चिऱ्यात भोक पाडताना पाणी वापरतात आणि तांबडा चिखल भिंतीवरून खाली वाहतो. रंगल्या भिंतीवरचे ते ओघळ लपवायला एक हात पुरत नाही. भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं ठेवा, म्हणजे नैऋत्येचा पाऊस आत येणार नाही.

## २. वायरमनची पहिली खेप: झिऱ्या आणि पाइप

चिऱ्याच्या भिंतीत झिरी, म्हणजे पाइपासाठीची खाच, मारायला सोपी वाटते, कारण दगड मऊ असतो. पण त्याची धूळ लोहाची, तांबडी आणि पिठासारखी बारीक. ती घरातल्या प्रत्येक फटीत जाते. झिऱ्या मारायच्या आधी दारं-खिडक्या प्लास्टिकने बांधा, देवघर रिकामं करा. ज्यांना रंगाच्या मागाहून एखादा जादा पॉइंट घ्यायची इच्छा होते त्यांनी ही धूळ एकदा बघावी, म्हणजे इच्छा जाते.

झिरी उभी मारायची, आडवी शक्यतो टाळायची. पाइप बसल्यावर त्याच्या वर निदान दीड सेंटिमीटर माल बसेल एवढी खोल हवी. उथळ झिरीवर माल पातळ बसतो आणि पाइपच्या रेषेत बरोबर तशीच भेग उमटते, रंगाचे कितीही हात मारा. रुंद झिरीवर कोंबडीजाळी ठोकून मगच माल भरावा.

स्विचचे बॉक्स रेघेवरून बसवायचे. समुद्राजवळ पत्र्याचे बॉक्स लवकर गंजतात आणि गंजाचा तपकिरी पट्टा भिंतीत उतरतो. आम्ही प्लास्टिकचे घेतले. बॉक्समध्ये थर्माकोलचा तुकडा घट्ट कोंबा, नाहीतर गवंडी माल भरतो आणि वायरमन दुसऱ्या खेपेला अर्धा दिवस छिन्नीने बॉक्स मोकळे करत बसतो. पाइपात सुतळी किंवा वायर ओढायची तार आत्ताच टाकून ठेवली की पुढचं काम हलकं होतं.

तपासणी: प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला टेप लावून, पाइप उघडे असतानाच. पुढे सुताराला पडद्याच्या रॉडसाठी भोक पाडायचं असेल तेव्हा हाच फोटो पाइप वाचवतो. मोबाइल बदलला की फोटो जातील असं ठेवू नका, छापून मेन बोर्डाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

## ३. गिलावा, पाणी आणि थांबणं

झिऱ्या भरल्या, फुटका गिलावा काढून नवा केला की सात दिवस रोज पाणी. मग तीन-चार आठवडे वाळू द्यायचा. मामाकडे २० जानेवारीच्या आसपास गिलावा पुरा झाला आणि लांबीला हात लावला तो थेट २० फेब्रुवारीला. हे चार आठवडे रिकामे जात नाहीत, त्यातच पुढचे दोन टप्पे उरकतात.

रेती कुठली, हे विचारा. खाडीची न धुतलेली रेती वापरली तर मिठामुळे भिंतीला लोणा लागतो, रंगाखालून पांढरी पूड फुलते आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. ही चूक रंगाऱ्याच्या नावावर जाते, पण ती गवंड्याच्या ट्रॉलीत झालेली असते.

तपासणी: लांबी भरायच्या आदल्या दिवशी एक फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडा टेपने बंद करून चिकटवा. २४ तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब किंवा ओलसर डाग दिसला तर भिंत अजून ओली आहे, आणखी आठवडा थांबा. बाहेरच्या बाजूला ओल दिसली तर ती हवेतली आहे, तेव्हा खोलीत हवा खेळू द्या. ही परीक्षा मोरीच्या शेजारची भिंत आणि उत्तरेकडची भिंत, अशा दोन ठिकाणी तरी करा.

## ४. वायरमनची दुसरी खेप: वायर ओढणं

गिलावा बसला की वायर ओढायच्या, आणि त्या लादीच्या आधी. कारण शिडी. लोखंडी शिडीचे पाय आणि वरून सुटलेला पक्कड नव्या लादीचा कोपरा उडवायला पुरेसा असतो. खडबडीत जमिनीवर हे सगळं निर्धास्त होतं.

वायर ओढून झाल्या की टोकं टेप लावून बॉक्समध्ये गुंडाळून ठेवायची, लोंबकळत सोडायची नाहीत. मग वायरमनला मेगर आणायला सांगा. हे यंत्र वायर आणि अर्थिंगमधला रोध मोजतं. किमान १ मेगाओहम यायला हवा, नव्या कोरड्या वायरिंगला तो त्याच्या कितीतरी वर येतो. कमी आला तर कुठेतरी वायर सोलली गेली आहे किंवा पाइपात पाणी आहे. आत्ता कळलं तर ती वायर ओढून बदलायची. लादी आणि रंगानंतर कळलं, तर भिंत फोडायची.

बरेच वायरमन म्हणतात, ‘शेवटी लाइट लागला की झालं.’ लाइट सोललेल्या वायरवरही लागतो, पुढे पावसाळ्यात भिंत ओली झाली की मात्र ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, सतत खाली पडायला लागतो आणि मग लोक तो काढूनच टाकतात. मेगर नसेल तर ज्याच्याकडे असेल अशा वायरमनला एक दिवसाची हजेरी द्या.

## ५. लादी

मोरी आणि स्वयंपाकघराचं वॉटरप्रूफिंग आधी, त्यात पाणी साठवून दोन दिवस ठेवून गळती बघायची, मग लादी. ओटीपासून सुरुवात केली तर कारागिरांना रोज त्यावरून माल न्यावा लागतो. म्हणून आतल्या खोल्यांपासून दाराकडे येत संपवा. ज्या घराला एकच वाट आहे तिथे हे विसरलं की ओटीची लादी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तुडवली जाते.

लादी कापायचं मशीन बाहेर अंगणात लावा. घरात कापली तर पांढरी भुकटी उघड्या बॉक्समध्ये आणि वायरच्या टोकांवर बसते. स्कर्टिंग याच खेपेत घ्यायचं. स्कर्टिंग बसवताना भिंतीच्या खालच्या पट्ट्यात छिन्नी लागते, गिलावा सुटतो. लोक रंगानंतर स्कर्टिंग करतात आणि मग खालचा हातभर पट्टा पुन्हा रंगवतात. तो कधी जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी नाण्याने प्रत्येक लादी वाजवून बघा. मध्यभागी भरीव आवाज हवा. कोपऱ्याला थोडा पोकळ चालतो, मध्यभाग पोकळ वाजला तर ती लादी मालाचा पक्केपणा यायच्या आत काढून परत बसवून घ्या, कारण पुढे कपाटाचा पाय नेमका तिथेच पडला तर ती तडकते. सांधे निदान एका दिवसानंतर भरावेत. दोन-तीन दिवस चालणं बंद, आणि सात दिवस जड ओझं नाही.

सावधान: लादीवर सांडलेलं सिमेंट काढायला कारागीर ॲसिड वापरतात. वापरायचंच असेल तर फक्त आत्ता, पाणी मारून, दारं उघडी ठेवून. स्विच, बिजागऱ्या आणि पंखे बसल्यानंतर ॲसिडची बाटली घरात आणू देऊ नका. त्याची वाफ पितळेवर आणि लोखंडावर बसते आणि खाऱ्या हवेत महिन्याभरात गंज धरतो. कडाप्पा, कोटा किंवा संगमरवर असेल तर ॲसिड मुळीच नको, कोटा आणि संगमरवर तर त्याने जळतोच.

सातव्या दिवशी लादी ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग झाका. आधी प्लास्टिक, वर खोक्यांचे पुठ्ठे. टेप पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायला वापरायचा, लादीला चिकटवायचा नाही, नाहीतर उन्हाने त्याचा गोंद लादीवर राहतो. काही जण प्लास्टिकवर पीओपीचा पातळ थर देतात. शहरातल्या मोठ्या कामाला तो बरा, आपल्या तीन खोल्यांना पुठ्ठे पुरतात. दाराच्या तोंडाशी मात्र दुहेरी पुठ्ठा घाला, कारण खडा बुटाखाली घासला जातो तो तिथेच.

## ६. रंगाऱ्याची पहिली खेप: लांबी, प्रायमर, पहिला हात

झाकलेल्या लादीवर लांबी घासायला सुरुवात करा. दोन हात लांबी, मध्ये वाळायला वेळ, मग पॉलिश पेपर. ही पांढरी पूड लादीच्या सांध्यांत जाते, म्हणून झाकण काढून काम केलं तर सांधे कायमचे धुरकट दिसतात. बॉक्सच्या तोंडावर टेप लावून ठेवा.

कोकणात वेळेला महत्त्व आहे. फेब्रुवारीतही पहाटे भिंतीला दव सुटतं. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर प्रायमर किंवा रंग लावू नये. घाई असलेला रंगारी सकाळी सातला ब्रश हातात घेतो आणि त्या भिंतीवर पुढे चट्टे दिसतात.

पहिला हात मारला की थांबायचं. रंगाऱ्याला पहिला हप्ता द्या, आणि उरलेल्या डब्यांची झाकणं घट्ट लावून त्यावर बॅच नंबर दिसेल असे ठेवायला सांगा. शेवटच्या हाताला वेगळ्या बॅचचा डबा आला तर एकाच भिंतीवर दोन छटा दिसतात.

तपासणी: रात्री खोली अंधारी करून बॅटरी भिंतीला चिकटवून तिरकी धरा. लांबीच्या लाटा, छोटे खड्डे, पॉलिश पेपरच्या चरा सगळं सावल्यांनी उठून दिसतं. पेन्सिलने गोल करून ठेवा. दिवसा हे दिसत नाही आणि सामान लागल्यावर रोज दिसतं.

आमच्याकडे इथेच शिमगा आला. ओटीवरचे पुठ्ठे काढून पालखी घरात घेतली, दुसऱ्या दिवशी परत अंथरले.

## ७. सुतार आणि सगळी भोकं

हा टप्पा बहुतेकांच्या यादीत नसतोच. पहिला हात आणि शेवटचा हात यांच्या मध्ये भिंतीत जी जी भोकं पडायची आहेत ती सगळी पाडून घ्यायची. पडद्याचे रॉड, देवघराची फळी, टीव्हीचा आधार, एसीचे बाहेरचे ब्रॅकेट, गिझरच्या खुंट्या. पाइपचा फोटो समोर ठेवून जागा ठरवा. भोकं पाडताना खाली ड्रिलचं तांबडं पीठ पडतं, तेव्हा दुसऱ्याने खालती कागदाची पुडी धरावी. पीठ पहिल्या हातावर पडलं तरी चालतं, शेवटच्या हातावर नको.

दारं याच वेळी काढून खालून कापायची. लादी आता बसलेली आहे, त्यामुळे खालची फट नेमकी मोजता येते. कापलेल्या खालच्या कडेला लगेच दोन हात ऑइलपेंट किंवा पॉलिश. ती कडा उघडी राहिली तर पावसाळ्यात लाकूड तिथूनच पाणी पिऊन फुगतं आणि दार घासायला लागतं. भिंतीतली फडताळं, ओट्याखालची कपाटं यांचे सांगाडेही आत्ताच बसवून घ्या. त्यांचं कापणं आणि घासणं मात्र अंगणात.

## ८. रंगाऱ्याची दुसरी खेप: शेवटचा हात

पेन्सिलचे गोल, ड्रिलने उडालेले टवके, सुताराच्या शिडीचे डाग, सगळं लांबीने भरून घासून त्या जागांना प्रायमर लावायचा. प्रायमर चुकवला तर त्या जागा वेगळ्या चमकतात. मग एका भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न थांबता एक हात. मध्येच जेवायला उठलं की जोड दिसतो, म्हणून जेवणाच्या आधी नवी भिंत घेऊ नये.

टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, हळू ओढून काढा. स्विचच्या प्लेट अजून लावलेल्या नसतात, हे मुद्दाम. आधी लावल्या तर रंगारी त्यांच्या कडेने ब्रश मारतो, स्क्रूच्या खाचांत रंग भरतो आणि पुढे प्लेट उघडताना भिंतीचा पापुद्रा सोबत येतो.

## ९. वायरमनची तिसरी खेप: स्विच, पंखे, दिवे

एक दिवस मधे सोडून वायरमन. हात धुऊन कामाला लावा, खरंच सांगतो, कारण काळ्या टेपचे डाग पांढऱ्या भिंतीवरून जात नाहीत. शिडीच्या पायांना जुना सायकल ट्यूब बांधा. एकेक पॉइंट लावून, ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो हे बघून मगच शेवटचा हप्ता द्या.

## १०. झाडझूड आणि टेंपो

पुठ्ठे उचलताना ते घडी करून उचलायचे, ओढायचे नाहीत. ओढले की त्यावरची रेती लादीवर फरफटते आणि इतके दिवस वाचवलेली चकाकी शेवटच्या दिवशी जाते.

आता कपाटं. पहिल्या खेपेला मामाने कपाटाची ऑर्डर दिली आणि दुकानदाराने ‘तयार आहे, गोदामात जागा नाही’ म्हणून तीन आठवडे आधीच टेंपो पाठवला. कपाट ओटीवर ताडपत्रीखाली उभं राहिलं, लांबीची पूड त्याच्या कडीकोयंड्यांत गेली आणि रंगाऱ्याने त्याच्यावरच फळी टाकून ओटीची भिंत रंगवली. म्हणून ऑर्डर देतानाच लिहून घ्या: आमचा फोन आल्यावरच माल निघेल, आणि त्यासाठी अमुक दिवस थांबायची दुकानदाराची तयारी आहे. फोन कधी करायचा? स्विच लागून, घर पुसून झाल्यावर. शेवटच्या हातानंतर निदान आठवडा जाऊ द्या. रंग हाताला कोरडा लागतो, पण टेकलेलं लाकूड त्याला चिकटून ओरबाडतं.

मोजमाप करताना लोक दाराची रुंदी मोजतात आणि थांबतात. मामाकडे नवं कपाट २१३ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर खोल. आतल्या खोलीत पोटमाळ्याची फळी जमिनीपासून २२५ सेंटिमीटरवर होती, म्हणजे १२ सेंटिमीटर जागा आहे असं सगळ्यांना वाटलं. पण नवी लादी ५ सेंटिमीटर वर आली, उरली २२० सेंटिमीटर. आणि आडवं आणलेलं कपाट उभं करताना त्याचा कर्ण फिरतो. २१३ आणि ६० चा कर्ण २२१ सेंटिमीटर भरतो. म्हणजे कपाट बसतं, पण उभं करता येत नाही. हे आधी कळलं म्हणून दुकानदाराला वरची लॉफ्ट वेगळी करून दोन भागांत पाठवायला सांगितलं. कर्ण काढायचा गणिताचा कंटाळा असेल तर पुठ्ठ्यावर कपाटाची बाजू खऱ्या मापाने कापून खोलीत फिरवून बघा.

पाखाडीने चढून जावं लागणाऱ्या घरांना टेंपो रस्त्यावरच थांबतो. वाटेतली सगळ्यात अरुंद वळणाची जागा मोजून ठेवा आणि चार माणसं आधी सांगून ठेवा, टेंपोवाल्याच्या माणसांवर विसंबू नका. ते रस्त्यावर उतरवून जातात.

घरात ओझं सरकवायला जुनी गोधडी. कपाट तिच्यावर ठेवून ओढलं की लादीवर ओरखडा येत नाही आणि आवाजही नाही. पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवा. दारांच्या चौकटीला आणि भिंतीच्या कोपऱ्यांना त्या दिवसापुरते पुठ्ठे बांधा, कारण शेवटचा ओरखडा उंबरठ्यावर वळताना कपाटाच्या कोपऱ्यानेच पडतो.

कपाट भिंतीला टेकवू नका. मागे चार बोटं, निदान सात-आठ सेंटिमीटर जागा ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात भिंत ओल धरते, आणि टेकलेल्या कपाटामागे हवा नसल्याने बुरशी धरते, आधी कपाटाच्या पाठीवर आणि मग कपड्यांवर. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की बॅटरी घेऊन त्या फटीत एकदा बघा, आणि वर कौलांखालीही.